तीन बुद्ध की झेंडा?

ओसाकातल्या शेअर दलालाच्या पेढीत ताझुको रोज सकाळी येऊन बसायची. जन्मभर शिवणकाम शिकवत आलेली ही बाई आता शेअरच्या भावांचे आलेख आलेखकागदावर हाताने काढायची.

एका सोया सॉस कंपनीचा आलेख बघून शेजारच्या खुर्चीवरचे हिरुकावासान एकदा ठासून म्हणाले होते, "हे तर तीन बुद्ध! मधला उंच, बाजूचे दोन ठेंगणे. पायाची रेघ तुटली की भाव कोसळणार. मी कालच विकून मोकळा झालो."

ताझुकोला ते पडताळून पाहिल्याशिवाय राहवेना. दोन आठवड्यांनी तिने तोच आलेख नाव-तारखेशिवाय उतरवून त्यांच्यापुढे ठेवला.

"वा, झेंडा!" हिरुकावासान खुलले. "भाव काठीसारखा सरळ चढलाय, आता थोडा दम खातोय. पुन्हा वर जाणार. कुठली कंपनी?"

तिने नाव सांगितलं. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "छे! मग तीन बुद्धच की!"

ताझुको घरी येईपर्यंत हसत होती. मग तिने सहज स्वतःची फाइल उघडली. तिच्याकडे असलेल्या प्रत्येक शेअरच्या आलेखाखाली तिच्याच सुबक अक्षरात एकच शब्द होता: झेंडा.