माझा शेवटचा ठिपका

उन्हाळ्यात आमच्या कॉलेजच्या क्रीडा विभागातला पंखा नुसती गरम हवा ढवळतो. अशाच एका दुपारी डोळ्यांवर झापड होती आणि पडद्यावर जिल्ह्यातल्या धावपटू मुलींचे जुने-नवे ठिपके तरंगत होते. आडवं वय, उभा वेग; प्रत्येकीचा दर वर्षाला एक ठिपका. मी संख्याशास्त्र शिकवते. कोणत्या शर्यतीत कोणत्या वयाला वेग सर्वांत जास्त असतो, हे आमच्या क्रीडाशिक्षकांना हवं होतं.

चारशे मीटरची रेघ विशीत चढली आणि पुढे पस्तिशीपर्यंत सपाट वाहत राहिली, जणू सोलापुरात कुणी थकतच नाही. सर खूश झाले.

"आपल्या पोरी लई चिवट हायती की, मॅडम."

मला अशा गोड रेघांचा राग येतो. मंदावलेल्या मुली मैदानावर येणंच सोडतात. मैदानावर उरतात त्या मुळातच तेज. म्हणून मी प्रत्येकीची तुलना फक्त तिच्याच आदल्या वर्षाशी केली आणि ते वाढ-घटीचे सरासरी आकडे वयानुसार जोडत गेले. आता रेघ पंचविशीच्या आसपास शिखरावर पोचली आणि मग संथपणे उतरू लागली.

त्या ठिपक्यांत मीही होते. तेविसाव्या वर्षी लग्न झालं आणि धावणं सुटलं. तसाही वेग उतरलाच होता, असं घरचे म्हणायचे. पुढे मीही तेच म्हणू लागले.

सर चहा सांगायला गेले, तेव्हा मी माझे ठिपके जोडून पाहिले. शेवटचा सगळ्यांत वर होता.