कोड येईना

चौकातल्या मोबाइल दुकानदाराला सगळे टॉवर म्हणत. उंची तर होतीच, शिवाय बोलण्याची रेंजही लांबवर पोचायची. "नंबर तोच, कंपनी नवी. काही अडणार नाही ताई," असं म्हणून त्याने आजाऱ्यांची सेवा करणाऱ्या ताईंचा नंबर पोर्ट करून दिला. पोर्ट केल्यावर कधीकधी ओटीपी म्हणजे कोडचे मेसेज काही दिवस येत नाहीत, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. पण महिन्याचं टार्गेट डोक्यावर बसलं होतं, म्हणून पठ्ठ्याने ते गिळून टाकलं.

नवं सिम सुरू झालं आणि ताई दुकानात आल्या. "दादा, फोन लागतो, पण बँकेचा कोड येत नाही."

टॉवरने स्वतःच्या फोनवरून मेसेज टाकला. टिंग करून आला. "बघा! सिम ठणठणीत आहे. फोनमध्येच कचरा झालाय." आपल्या हुशारीवर खूश होत त्याने ताईंच्या एजन्सीचं ॲप उडवलं आणि पुन्हा टाकलं. जुनं ॲप आधीपासून लॉग-इन होऊन उघडं होतं, त्याला कोड लागतच नव्हता. नव्याने टाकलेल्या ॲपने कोड मागितला. तो आला नाही.

ताईंची हजेरी त्याच ॲपवर लागे. अंथरुणाला खिळलेल्या एका आजींचं सगळं त्या करायच्या, आणि आजी त्यांच्याशिवाय कुणाच्या हातून घास घेत नसत. ताईंनी एजन्सीला फोन केला, तर "कोड टाका, आत या" एवढंच उत्तर.

नव्या कंपनीच्या तक्रार केंद्रात टॉवरने घसा कोरडा केला, तेव्हा कळलं: कोड पाठवणाऱ्यांच्या यादीत नंबर अजून जुन्याच कंपनीचा होता. मेसेज तिकडे जात होते. ती यादी पाठवणाऱ्यांनीच सुधारायला हवी होती. मग तो रोज एजन्सीच्या आणि बँकेच्या मागे लागला. अन्न गोड लागेना. बायको म्हणाली, "दुसऱ्याच्या नंबरासाठी एवढा जीव काय काढताय?" त्याने पुन्हा बँकेचा नंबर फिरवला.

कोड आला तोवर हजेरी नाही म्हणून एजन्सीने आजींकडे दुसरी बाई लावली होती.

काही दिवसांनी ताई आल्या, त्या जावेला घेऊन. "हिचाही नंबर बदलून द्या. दादांसारखा माणूस नाही गं, माझ्यासाठी किती धावपळ केली!"

टॉवरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जावेने पुढे केलेला फोन त्याने घेतला नाही.

"ताई, कोड अडकू शकतो, हे मला आधीच माहीत होतं. सांगितलं नाही. आणि तुमचं ॲप उघडंच होतं. मी ते काढलं नसतं, तर तुमची एकही हजेरी चुकली नसती."

जाऊ ताईंकडे बघू लागली.

"आजींना वाटतं, मी कंटाळून सोडून गेले," ताई म्हणाल्या. "चला. हेच त्यांच्यासमोर बोला."

टॉवरने शटर ओढलं आणि त्यांच्यामागे निघाला.