मंडईनंतरचा शीण

"तुम्हाला भूतबाधा नाही," चांदा शहरातले डॉक्टर म्हणाले आणि मी ढसाढसा रडले. बाधा असती तर उतरवता तरी आली असती!

त्यांनी नाव सांगितलं, नर्व्हस एक्झॉशन. म्हणजे नसांना आलेला शीण. "काही माणसांत आवाज, उजेड, वास, दुसऱ्यांचे राग-रुसवे, सगळं फार खोल जातं. हा जन्माचा स्वभाव आहे. औषध नाही."

आमचं गाव पोंभुर्ण्याजवळ. दिवाळीनंतर झाडीपट्टीत गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. त्या दिवशी घरात पाहुण्यांना पाय ठेवायला जागा नसते आणि सगळा भार सुनेवर. सकाळी मी हौसेनं लाडू वळायची. दुपारी बांगड्यांचा आवाजही कानात टोचायचा. कोणती नणंद कशानं दुखावली ते मला न सांगता कळायचं आणि छातीवर दगड बसायचा. पेट्रोमॅक्स पेटली की हात थरथरायचे, शब्द सापडत नसत, लेकरावर विनाकारण खेकसायची. नंतर काही दिवस अन्न नको, बोलणं नको. अंग मोडून यायचं, पण झोप येत नसे.

दोन मंडया अशा गेल्या तेव्हा सासूने मांत्रिक आणला. कानाशी ढोल, नाकाशी उदाचा धूर, भोवती अख्खं गाव. गर्दीने आलेल्या दुखण्यावर गर्दीचाच उतारा! मी किंचाळले की ढोल आणखी जोरात वाजे. शेवटी ठरलं, सुनेला माहेरी सोडायचं आणि पोरगी इथेच ठेवायची. त्या दिवशी मला मरावंसं वाटलं.

नवऱ्याने कोणाला न विचारता बैलबंडी जुंपली आणि मला चांद्याला नेलं.

डॉक्टरांनी सांगितलेलं माझ्यासारख्या बायांनी मनात ठेवावं. "सवय होईल म्हणून ताणू नका, होत नाही. मोडल्यावर नाही, मोडण्याआधी उठा. अंधारात, एकट्या, गप्प बसा. गर्दीनंतरचा दिवस मोकळा ठेवा."

माहेरी सोडणं नवऱ्याने पुढच्या मंडईपर्यंत लांबवलं. त्या मंडईला हात थरथरायच्या आधीच मी धानाच्या खोलीकडे निघाले.

"पाहुणे घरात अन् तू कुठी चालली? लोकं काय म्हणतीन?" सासू कडाडली.

"बाई, थोडा वेळच. नाही तर पोरगी जाईल माझी," म्हणून मी दार लावलं. आत थंड, काळोख, धानाचा वास. मी पोत्यांच्या आडोशाला बसले. मग श्वास हळूहळू खाली आला.

तेवढ्यात दार उघडलं. दारात सासू. आता ओढून नेणार म्हणून मी पोटाशी गुडघे घेतले. तिने दार आतून लावलं. बाहेर कोणीतरी तिलाच हाका मारत होतं.

"बोलू नोको," ती पोत्याला टेकून हलकेच म्हणाली. "मलेबी बसू दे. लगीन झाल्यापासून अशी जागा धुंडून राह्यली मी."

तिचेही हात थरथरत होते. माहेरी सोडण्याची गोष्ट त्यानंतर घरात निघाली नाही.