थोरलीने मागितलेला हिशोब

थोरलीच्या पोटात दुखायला लागलं ते धाकटी जाऊ दुकानात बसायला लागल्यापासून. तोवर रंगाच्या त्या दुकानात बारा वर्षं थोरलीचंच राज्य होतं. भिंतीवरच्या ठिपक्याकडे बघून ती डब्याचा नंबर सांगायची, आणि रंगारी तिला वचकून असायचे. आणि ही कालची पोर काय करायची? हसायची! नुसती हसायची, आणि तेच रंगारी, मेले, दोनाऐवजी तीन डबे उचलून जायचे.

त्यात मामंजींनी मोठ्या रस्त्यावर दुसरं दुकान घेतलं आणि जाहीर केलं, "या दुकानातला जानेवारी थोरलीने एकटीने सांभाळायचा, फेब्रुवारी धाकटीने. जिची विक्री चांगली, नवं दुकान तिचं. दुसरीने इथेच माझ्यासमोर बसायचं." मामंजींसमोर बसणं म्हणजे दिवसभर सूचना ऐकणं. थोरलीला ते दुकान हवंच होतं. पण खरं सांगायचं तर, ते धाकटीला मिळू नये हे तिला त्याहून जास्त हवं होतं.

जानेवारीत ती जिवाचं रान करून राबली. रविवार सोडून सत्तावीस दिवस, आठशे दहा डबे. मग फेब्रुवारी उजाडला, आणि रोज संध्याकाळी धाकटी घरी गुणगुणत यायला लागली. ते गुणगुणणं थोरलीच्या कानात काट्यासारखं रुतायचं. जेवण जाईना, झोप लागेना. "एवढं काय विकते ही भवानी?" ती नवऱ्याला विचारायची, आणि तो बिचारा कूस बदलायचा.

शेवटी महिन्याच्या मध्यावर तिने मामंजींपुढे विषय काढला. "मामंजी, मालाची मोजणी आत्ताच उरकून टाकूया का? मार्चअखेर घाई होते हो." मामंजींना काळजीचे शब्द फार आवडायचे. दोन दिवस शटर खाली राहिलं. थोरली स्वतः शिडीवर चढून डबे मोजत होती आणि शटरवर थाप पडली की "आज बंद आहे" असं आनंदाने ओरडत होती. तिसऱ्या दिवशी मात्र दारात ही रांग! माघारी गेलेले सगळे परत आले होते.

महिना संपला. जेवणं झाल्यावर मामंजी चष्मा चढवून बसले. धाकटीचे डबे झाले होते सहाशे ब्याऐंशी. थोरलीला उकळ्याच फुटल्या. पण मामंजी पुटपुटले, "फेब्रुवारी लहान पडतो बाई. असं थेट आठशे दहाशी कसं तोलायचं?"

घ्या! झाली का बाजू घ्यायला सुरुवात! थोरली तयारीतच होती. अठ्ठावीसातून चार रविवार वजा करून तिने मनात भागाकार कधीच उरकला होता. धाकटीचे दिवसाला अठ्ठावीस डबे आणि वर थोडं. तिचे स्वतःचे दिवसाला तीस.

"नका ना तोलू," ती तावातावाने म्हणाली. "कामाच्या दिवसांनी भागा. दिवसाला किती डबे, तेवढंच बघा. नंतर कुणी म्हणायला नको, की महिना लहान होता म्हणून हरले."

"हे बोललीस लाखातलं," मामंजी खूश झाले. "तुझे सत्तावीस दिवस, दिवसाला तीस. आणि हिचे दिवस बावीस."

"बावीस कुठले? चोवीस!"

"मोजणीचे दोन दिवस शटर खाली होतं ना?"

"पण काम तर झालंच की! कंबर मोडली माझी!"

"अगं, काम झालं, विक्री कुठे झाली? आपण विक्री भागतोय. जो दिवस दुकान उघडलंच नाही, तो धरायचा कशाला?" मामंजींनी पेन टेकवलं. "बावीस. दिवसाला एकतीस."

थोरलीच्या तोंडचं पाणी पळालं. चोवीसनेच भागलं असतं तर ती जिंकली होती. "अहो मामंजी, पण त्या दोन दिवसांचं गिऱ्हाईक कुठे पळालं नव्हतं," ती घाईघाईने म्हणाली. "तिसऱ्या दिवशी सगळं परत आलं. ते डबे हिच्या बावीस दिवसांतच मिसळलेत! एकतीस फुगलेत ते!"

मामंजींनी मान हलवली. "खरं आहे. मोजणी झाली नसती तर चोवीस दिवसांत विक्री बहुतेक एवढीच झाली असती, आणि तू पुढे असतीस." त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "पण मोजणी फेब्रुवारीतच उरका, म्हणालं कोण?"

सगळं घर तिच्याकडे बघत होतं. आणि धाकटी? तिच्या डोक्यात काळंबेरं असं कधी शिरलंच नव्हतं. ती उठून थोरलीच्या शेजारी येऊन बसली आणि तिचा हात हातात घेऊन म्हणाली, "ताई, मी तर हरलेच होते हो. आधी मोजणी काढलीत, आता भागाकाराचंही तुम्हीच सुचवलंत. सख्खी बहीणसुद्धा एवढं करत नाही."

थोरलीला हात सोडवूनही घेता येईना.