पॉइंट सोळा मिलिमीटर

मला भांडायला आवडतं, हे आधीच सांगून टाकते. लहानपणी सावद्यात आमची आई म्हणायची, हिच्या जिभेला हाड नाही, हिला वकील करा. झाले मात्र मेकॅनिकल इंजिनिअर. आणि जिथं खरंच नीट भांडायला हवं होतं, तिथं तोंडातून भलतंच निघालं. ते अजून गिळता येत नाही.

जळगावच्या कॉलेजात आमच्या वर्गात मुली दोनच. मी आणि शिरपूरची एक. हॉस्टेलची खोली एक, मेसचा डबा एक, वर्गातला बाक एक. ती अहिराणी बोलायची, मी आमच्या सावद्याकडचं. पहिले दोन महिने एकमेकींच्या बोलण्यावर हसण्यातच गेले. ती गरीब स्वभावाची. मी काही बोलले की म्हणायची, "तू येडी शे का?" आणि माझंच ऐकायची.

शेवटच्या वर्षाला एक नवा विषय आला. मोठ्या वस्तूचे मनातल्या मनात तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याचं गणित वेगळं मांडायचं आणि मग सगळं जोडून वस्तू किती ताणली जाते ते काढायचं. कॉम्प्युटर दोनच, तेही कुलपात, चप्पल काढून आत जायचं. म्हणून सगळं हातानं. सरांनाही विषय नवीनच होता. उन्हाळ्यात कुठंतरी पंधरा दिवसांचं शिक्षण घेऊन आले होते आणि एका झेरॉक्स पुस्तकावर वर्ष काढत होते. माणूस प्रामाणिक, पण हट्टी.

टर्मच्या परीक्षेत नापास झालं तर टर्म मिळत नसे, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या परीक्षेला बसता येत नसे, म्हणजे वर्ष गेलं. माझं नुसतं वर्ष जाणार नव्हतं. माझ्या वडिलांनी, आबांनी, मला गावाच्या विरोधात जाऊन मेकॅनिकलला घातलं होतं. घालताना सांगितलं होतं, "शिक. पण कॉलेजातून एक तक्रार आली, तर त्याच दिवशी ट्रंक उचलायची." आबा एकदा बोलले की बोलले.

परीक्षेत गणित आलं ते असं. निमुळत्या होत जाणाऱ्या पोलादी दांड्याची लांबी चारशे मिलिमीटर, काटछेदाचं क्षेत्रफळ चारशेपासून बाराशे चौरस मिलिमीटरपर्यंत बदलतं, एक टोक भिंतीत पक्कं, दुसऱ्या टोकाला साठ हजार न्यूटनची ओढ. दोन एलिमेंट, म्हणजे तुकडे, घेऊन नोड, म्हणजे त्या तुकड्यांची टोकं, किती सरकतात ते काढा. सोबत आकृती पहा. आणि आकृतीच्या जागी पांढरा चौकोन! सायक्लोस्टाइलचा स्टेन्सिल तिथंच फाटला होता. सुपरवायझरला विचारलं, तर त्यांनी पेपरच्या डोक्यावरच्या ओळीवर बोट ठेवलं : आवश्यक वाटल्यास योग्य माहिती गृहीत धरा.

धरली. चारशे आधी लिहिलंय, म्हणजे भिंतीकडचं टोक चारशेचं, असं मी समजले. घाईत प्रश्नपत्रिकेवरच पेन्सिलीनं छोटा दांडा काढला, बारीक टोक भिंतीत. उत्तरपत्रिकेत आकृती काढली नाही की काय गृहीत धरलं ते लिहिलं नाही. हीच माझी चूक. बाकी सगळ्या वर्गानं सर फळ्यावर नेहमी काढायचे तसं जाड टोक भिंतीत धरलं.

पुढचं गणित सोपं आहे. दांडा मधोमध तोडला की दोनशे-दोनशेचे दोन तुकडे. मध्यावर क्षेत्रफळ आठशे. बारीक तुकड्याचं सरासरी सहाशे, जाडाचं हजार. त्यावरून आणि पोलादाच्या ठरलेल्या आकड्यावरून ताठरपणा, म्हणजे एक मिलिमीटर ताणायला किती जोर लागतो तो : बारीक तुकड्याचा सहा लाख, जाडाचा दहा लाख. दोन्ही एका मॅट्रिक्समध्ये जोडताना मधला नोड दोघांचा, म्हणून तिथं बेरीज, सोळा लाख. भिंतीतला नोड हलत नाही, म्हणून त्याची ओळ आणि रकाना खोडायचा. उरलेली दोन समीकरणं सोडवली. माझा मधला नोड पॉइंट एक मिलिमीटर सरकला, टोकाचा पॉइंट सोळा. शेजारी बसलेल्या माझ्या शिरपूरच्या मैत्रिणीचा, पेपरनंतर ताडून बघितलं तेव्हा, मधला पॉइंट शून्य सहा आणि टोकाचा पॉइंट सोळाच.

आठवड्यानं सरांनी बोलावलं. माझ्या पेपरवर लाल फुल्याच फुल्या. सहाच्या जागी दहा हवं, दहाच्या जागी सहा हवं, पॉइंट एक चूक. शेवटच्या पॉइंट सोळाला मात्र बरोबरची खूण आणि तिच्याभोवती गोल.

"सगळं चूक, मग शेवट बरोबर कसा आला?" सर म्हणाले.

"मीच काढलाय, सर."

"शेजारी कोण बसलं होतं?"

मलाही माहीत नव्हतं, उत्तर सारखं कसं आलं ते! मी फक्त "मी कॉपी करत नाही" एवढंच घोकत राहिले. चोरसुद्धा तेवढंच म्हणतो.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या केबिनमध्ये उभं केलं. प्राचार्य केमिस्ट्रीचे. शेजारी सर, आणि रजिस्टर उघडून बसलेले ऑफिसचे भाऊसाहेब. प्राचार्य म्हणाले, "कबूल केलंस तर हा पेपर शून्य, नाही केलंस तर टर्मच गेली. उद्या वडिलांना घेऊन ये." पत्र कशाला, म्हणून त्यांनी सावद्याला फोनच लावला, आमच्या गल्लीत दुकानात होता तिथं. आबांना निरोप गेलासुद्धा.

बघा, इथं कुणीही शहाणी मुलगी गप्प बसली असती. मी नाही. माझ्या डोळ्यांसमोर ती ट्रंक आली आणि मी ओरडले, "मीच कशावरून? तिनंच माझं पाहिलं असेल! तिला विचारा की!"

भाऊसाहेबांनी मान खाली घालून ते वाक्य लिहून घेतलं. पेनाचा आवाज ऐकू आला मला.

खोलीवर आले. मैत्रीण कपडे वाळत घालत होती. मी काय बोलून आले ते तिला सांगायची हिंमत झाली नाही. उलट तिच्यावरच डाफरले, "माझी प्रश्नपत्रिका कुठंय? त्यावर माझी आकृती आहे. तीच पुरावा." उत्तरं ताडून बघायला ती पेपरनंतर तिनंच घेतली होती.

"फाडी टाकी," ती म्हणाली.

"काय?"

"त्यावर पेन्सिल चालेल व्हती. प्रश्नपत्रिकेवर लिहिलं तर तीबी कॉपीच धरतस. माले भ्याव वाटनं."

बरोबर होतं तिचं. नियम तसाच होता. माझा एकुलता पुरावाच गुन्हा होता. पण मला ते ऐकायचं नव्हतं. मी म्हटलं, "तुला काय, तुझं बरोबर आलंय!" आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

पडल्या पडल्या तो दांडा डोक्यात फिरत राहिला. बारीक तुकडा पॉइंट एक ताणला, जाडा पॉइंट शून्य सहा. तिचा जाडा पॉइंट शून्य सहा, बारीक पॉइंट एक. अरे देवा! ओढ तर सगळ्या दांड्यात तीच, साठ हजार. प्रत्येक तुकडा आपल्यापुरता ताणला जाणार, भिंतीकडे असो की टोकाकडे. बेरीज तीच. बदलतो फक्त मधला नोड! मी उठून बसले. तिला उठवून सांगावं असं वाटलं, पण भांडून पडले होते ना.

सकाळी फाटकाबाहेरच्या पंक्चरवाल्याकडून सायकलच्या जुन्या ट्यूबच्या दोन पट्ट्या कापून घेतल्या, एक रुंद, एक अरुंद, लांबी सारखी. एकीला दुसरी गाठ मारून बांधली. केबिनबाहेर बाकावर आबा बसले होते. टोपी मांडीवर, बसची धूळ अंगावर. माझ्याकडे बघितलंच नाही. बाजूला त्यांनी रिकामी पिशवी घडी करून ठेवली होती, माझे कपडे न्यायला.

आत मी खिडकीच्या गजाला रुंद पट्टी वर ठेवून ट्यूब बांधली, खाली भाऊसाहेबांच्या कपाटाचं भलंमोठं कुलूप टांगलं. "सर, फूटपट्टीनं मोजा." सरांनी मोजलं. मग ट्यूब उलटी केली, अरुंद पट्टी वर. पुन्हा कुलूप. खालचं टोक तिथंच आलं. गाठ मात्र बरीच खाली उतरली.

"सर, माझी भिंत बारीक टोकाला होती. प्रश्नात कुठंय लिहिलेलं, जाड टोक भिंतीत म्हणून?"

सरांनी प्रश्न वाचला. पांढरा चौकोन बघितला. माझा पेपर ओढून घेतला, भिंतीवरचा जोर काढला : सहा लाख गुणिले पॉइंट एक, साठ हजार. बरोब्बर. कान लाल झाले त्यांचे. म्हणाले, "साहेब, चूक माझी आहे. मी फक्त उत्तरं ताडून बघितली." आणि तिथंच पूर्ण गुण दिले. असे सर पुन्हा भेटले नाहीत, हेही सांगते.

मला हसू आवरेना. तेवढ्यात भाऊसाहेब म्हणाले, "मग या कबुलीचं काय करायचं?"

"कुठली कबुली?"

मैत्रिणीला त्यांनी काल संध्याकाळीच, मी पडून होते तेव्हा, बोलावलं होतं. माझं वाक्य वाचून दाखवलं होतं. आणि तिनं खाली लिहून दिलं होतं : शेवटचं उत्तर मी तिच्या पेपरातून पाहिलं, तिचा दोष नाही. खाली सही.

"खोटं आहे ते!" मी म्हटलं. सरही म्हणाले, दोन्ही पेपर स्वतंत्र आहेत, कबुलीला अर्थ नाही. प्राचार्यांनी कागद फाडला. पण भाऊसाहेब हळूच म्हणाले, "शिरपूरला घरी पत्र सकाळच्या टपालानं गेलं, साहेब. आणि फोनही झाला."

आबांनी रिकामी पिशवी पुन्हा घडी केली, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि दुपारच्या बसनं परत गेले. संध्याकाळी तिचा मोठा भाऊ आला. सर त्याच्याशी तासभर बोलले, प्राचार्यांनी लेखी दिलं. तो म्हणाला, "साहेब, आमच्या गावात तुमचा फोन आधी पोचला, आता सगळ्यांना कळलंय." ट्रंक त्यानंच उचलली.

मी रिक्षापर्यंत गेले. तिला म्हटलं, "तू असं का लिहिलंस गं? मी खोटं बोलले होते!"

"माले माहीत व्हतं," ती म्हणाली. "पन तुना बाप येनार व्हता ना."

आज मी याच विषयाचे पेपर काढते. दांड्याची आकृती स्वतः काढते, भिंत कुठल्या टोकाला ते शब्दांत लिहिते, आणि छापून आलं की प्रत्येक प्रत उलटून बघते. मुलं हसतात. शिरपूरला मी चार पत्रं लिहिली. एकाही पत्रात, ते वाक्य मी बोलले त्याबद्दल माफ कर, एवढं लिहायचं मला जमलं नाही.