खजुराच्या बागेचा इंजिनेर

“भो, हाई इंग्रजी पत्रमा इंजिनेर लिखेल शे. डिगरी शे का तुनी?”

“डिगरी नही नाना. पन बठ्ठं गाव माले इंजिनेरच म्हनस.”

धुळ्याच्या बसस्टँडामागच्या आपल्या टायपिंगच्या दुकानात गिरधरनानांनी चष्मा कपाळावर ढकलला. अर्धी हयात रियाधच्या एका कंपनीत अरबी पत्रं बडवण्यात गेलेला हा माणूस. आता लोकांचे अर्ज अरबीत करून देतो. समोर सोनगीरचा योगराज, शेजारी त्याचा बाप उखर्डूआबा. सौदीतल्या खजुराच्या बागेला ठिबक सांभाळणारा माणूस हवा होता, आणि अर्ज अरबीतच मागितला होता.

बाकी पत्र नानांनी केव्हाच उरकलं होतं. इंग्रजीत नुसतं ‘डियर सर’ होतं, तिथे अधिकाऱ्याचा हुद्दा आणि मानाचे शब्द बसवले. शेवटचं ‘उत्तराची वाट पाहतो’ अरबी रिवाजाप्रमाणे आदरानं वाकवून बसवलं. अडलं ते एवढ्या एका शब्दापाशी. इंजिनेरला अरबीत ‘मुहंदिस’ लिहिलं, की तिथे पदवी दाखवावी लागते, इंजिनेरांच्या परिषदेत नोंद लागते. खोटं निघालं तर नोकरी हातची जाते.

आबांना पटेना. पोरगं इंजिनेर म्हणून तर मुलीवाले दारी येत होते. ते कुरकुरले, की नानांनी नुसतं अरबी करावं, पंचायत करू नये.

“आबा, लिखसू ते मीच,” नाना सावकाश म्हणाले, “पन सही तुमना पोरनी. कागद मांगतीन तं काय दाखाडी तो?”

मग नानांनी योगराजला विचारलं, तू नेमकं करतोस काय. आधी चाचरत, मग रंगात येऊन तो बोलू लागला: क्षारानं चोंदलेले ड्रिपर आम्लानं कसे मोकळे करायचे, गाळणी कधी उलटी धुवायची, शेवटच्या झाडाला पाणी कमी पडतं ते कशानं ओळखायचं.

“मंग हाई लिख ना, यडा.”

योगराजनं तिथेच बसून इंग्रजी पत्र सुधारलं. ‘इंजिनेर’ गेला, ‘टेक्निशियन’ आला, खाली ही कामं आली. नानांनी त्यावरून अरबी ओळी नव्यानं बांधल्या. टेक्निशियनसाठीचा ‘फन्नी’ हा शब्द टाइप करताना त्यांचं बोट थबकलं नाही.

छापलेला कागद आबांनी सुलटा धरला, उलटा धरला. त्या वेलबुट्टीत त्यांच्या पोराचं काय झालं ते काही उमगेना.

“हाई गावमा कोनले वाचता येस का?”

“नही.”

“मंग ठीक शे. गावले काय सांगानं ते मी सांगसू.”

योगराज हसला नाही. कागद पिशवीत जपून ठेवत तो म्हणाला, “नही आबा. टेक्निशियनच सांगा.”

बापलेक पुढे-मागे चालत स्टँडाकडे गेले. नानांनी चष्मा खाली ओढला आणि नाशिकच्या एका ड्रायव्हरचा अर्ज समोर घेतला. पहिल्याच ओळीत त्यानं स्वतःला ‘ट्रान्सपोर्ट मॅनेजर’ म्हटलं होतं. नानांनी फोन उचलून त्याचा नंबर लावला.