बिस्किटांच्या डब्यातली रॅम

हैदराबादच्या नारायणगुड्यात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. टेबलाखाली बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा असायचा. बंद पडलेल्या मशीनमधल्या चांगल्या रॅम, म्हणजे मेमरीच्या पट्ट्या, मी त्यात टाकून ठेवायची. ओळखीचं कुणी आलं की त्यातली एक काढून फुकट बसवायची. मशीन चालू झालं की रॅम चांगली, अशी आमच्याकडची परीक्षा.

शाळेत मला मराठी शिकवलेल्या बाई काचीगुड्यात राहतात. त्यांचा कॉम्प्युटर हळू चालायचा, म्हणून उन्हाळ्यात मी त्यांनाही जुनीच्या जोडीला एक रॅम बसवून दिली. आपल्या बाईंसाठी एवढं केलं म्हणून मीच खूश.

दोन महिन्यांनी बाई मशीन घेऊन रिक्षातून आल्या. "काम करता करता सगळं निळं होतंय गं. पुस्तक पुढं सरकेना."

हैदराबादेतल्या मराठी पोरांना बोलता येतं, वाचताना मात्र अडखळतात. त्यांच्यासाठी बाई चार वर्षं एक वाचनाचं पुस्तक लिहीत होत्या. कागदावर काही नव्हतं, थेट टाइप करायच्या. छापखान्यात द्यायला पंधरा दिवस उरले होते.

निळ्या पडद्यावर लिहिलं होतं, कर्नल सिक्युरिटी चेक फेल्युअर. विंडोजचा गाभा, म्हणजे कर्नल, आपल्या आतल्या याद्या सतत तपासत असतो. त्यात काही मोडलेलं सापडलं की गोंधळ पुढं पसरू नये म्हणून तो स्वतःच मशीन थांबवतो. मोडलं कुणी, हे मात्र नीट सांगत नाही. विंडोजच्या फायली खराब असतील तर चुकीचा कोड चालून घोळ होतो. एखादा वाईट ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटरसारखं यंत्र चालवणारा प्रोग्रॅम, मेमरीत दुसऱ्याच्या जागेत लिहून ठेवतो. नाहीतर रॅमच सदोष असते, म्हणजे ठेवलं एक आणि परत मिळालं भलतंच.

मी फायली तपासल्या. काही खराब निघाल्या, त्या दुरुस्त केल्या. "झालं बाई, न्या आता," म्हणाले. तिसऱ्या दिवशी बाई पुन्हा दारात. मग क्रॅशची नोंद उघडली, तर प्रिंटरच्या ड्रायव्हरचं नाव. तो बदलला. चार दिवसांनी पुन्हा निळं, आणि आता नाव वायफायच्या ड्रायव्हरचं. दर वेळी वेगळा गुन्हेगार दिसला की रॅमकडं बघायचं, हे मी शिकाऊ पोरींना शंभरदा सांगितलंय. पण ती रॅम मी स्वतः बसवलेली. तिच्यावर शंका घ्यायचं डोक्यातच आलं नाही.

माझं डोकं सटकलं. सगळं पुसून नवीन विंडोज टाकायचं ठरवलं. बॅकअप घेतला, त्याच मशीनवर, बाईंचं सगळं एका झिपमध्ये बांधून पेन ड्राइव्हवर. मग डिस्क फॉरमॅट केली.

नवीन विंडोज चढता चढताच पडदा निळा झाला.

जुनी फाइल नाही, जुना ड्रायव्हर नाही, तरी तेच. मेमरीची तपासणी लावली, तर लाल ओळींवर लाल ओळी. दोन्ही रॅम काढून एकेक लावून पाहिली. बाईंची जुनी निर्दोष निघाली. दुसरीवर माझ्या मार्करचा हिरवा ठिपका होता. डब्यातल्या रॅमवर मी तो करते.

तेव्हा मला बॅकअप आठवला. झिप त्याच रॅममधून गेली होती. माझ्या मशीनवर उघडली. फोटो निघाले, बिलं निघाली. पुस्तकाच्या फाइलवर मात्र एरर आला. तीन प्रोग्रॅम लावून पाहिले, हाताला चार पानं लागली, तीही अक्षरांच्या भुग्यासारखी. डिस्क नव्या एसएसडी प्रकारची होती, फॉरमॅटनंतर तिच्यातून खरवडून काढण्यासारखं काही उरलं नव्हतं.

डिस्क गेली म्हणून सांगितलं असतं तर बाईंनी विश्वास ठेवला असता. हौ, ते मनात आलं. पण बाईंसमोर खोटं बोलायची माझी छाती नाही. काचीगुड्याला गेले, सगळं सांगितलं. माझी रॅम, माझा बॅकअप, आणि पुसलंही मीच.

बाई पलंगाच्या कडेला बसल्या. चष्मा काढून पदराला पुसला, परत घातला. मी रडायला लागले, तरी त्यांनी जवळ घेतलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

मग त्यांनी शाळेत विचारायच्या तशाच आवाजात विचारलं, "तुझं नाव मी किती जणांना सांगितलंय, ठाऊक आहे? त्यांना पण त्याच डब्यातल्या घातल्यास का?"

मी आठवायला लागले. गौलीगुड्यातले शिंपी. बाईंच्या मैत्रिणीची सून, ती थीसिस लिहीत होती. शेजारचे वकील. पुढची नावं मला आठवेनात, कारण फुकट दिलेल्याची मी कधी नोंदच ठेवली नव्हती.